टण, टप, डुब

झोप न येण्यावर मी आजवर चार लेख लिहिले. त्यांतले पहिले तीन वाईट आहेत. तिन्हींमध्ये भयाण शांतता आहे, घड्याळाची टिकटिक आहे, लांबवर कुत्रं रडतं आहे आणि छताकडे बघणारी मी आहे. यातली एकही गोष्ट लिहायला रात्रभर जागावं लागत नाही. दुपारी चारला चहा पीत पीत लिहिता येते, आणि खरं सांगायचं तर मी तशीच लिहिली होती.

चौथा लेख एका नळामुळे लिहून झाला. त्याच्याबद्दलच सांगते, कारण निद्रानाश कागदावर कसा आणायचा याबद्दल मला जे थोडंफार कळलंय ते त्या नळाखाली कळलं.

आधी ‘टिकटिक’चं बघू. शाळेत अभ्यस्त शब्द शिकलो होतो, त्यातला अनुकरणवाचक प्रकार म्हणजे टिकटिक, कुरकुर, खडखड, किरकिर. मराठीत या शब्दांची चंगळ आहे आणि रात्रीबद्दल लिहायला बसलं की ते आपणहून हाताखाली येतात. पण शब्द जोडीने आला की आवाज एका चालीत बसतो. आणि चालीत बसलेला आवाज माणसाला जागं ठेवत नाही. पाळण्याची कुरकुर आपण पोरं झोपवायलाच तर वापरतो. पंख्याची घरघर थांबली, म्हणजे वीज गेली, की झोपलेली माणसंसुद्धा उठून बसतात. जागं ठेवतो तो चाल नसलेला आवाज. एकदा झाला, आता पुन्हा होईल की नाही, झाला तर कधी, हे ज्याचं ठरलेलं नाही तो. त्याच्यासाठी मराठीत वेगळी सोय आहे: टपकन, खट्कन, टणदिशी. हे एकेकटे शब्द आहेत. वाचणारा त्यांच्यापुढे थांबतो आणि पुढच्याची वाट बघतो. झोप न येणं म्हणजे बव्हंशी हीच वाट बघणं. आवाजाचा त्रास क्षणभराचा, बाकी सगळी रात्र मधल्या जागेतच जाते. माझ्या पहिल्या तीन लेखांत आवाज भरपूर होते, मधली जागा कुठेच नव्हती.

तर नळ. आमच्या स्वयंपाकघरातल्या सिंकच्या नळाचा वायसर झिजला होता. प्लंबर ‘उद्या येतो’ म्हणाला त्याला आठवडा झाला होता. थेंब साधारण पंधरा सेकंदांनी पडायचा. साधारण म्हणजे कधी तेराला, कधी सतराला. मी अंथरुणात मनात आकडे मोजायची. पंधराला नाही पडला की सोळा-सतरा हे दोन आकडे फार लांब व्हायचे. त्या रात्री दीडला उठले आणि नळाखाली फुलपात्र ठेवून आले. आवाज कमी व्हावा म्हणून नव्हे. पाणी वाया गेलेलं सासूबाईंना चालत नाही, सकाळी बोलणी बसतात.

परत आडवी झाले. उशाशी वही आणि जाड शिसाची पेन्सिल असते. दिवा लावायचा नाही, डावा अंगठा कागदावर ठेवून त्याच्या बाजूने लिहायचं आणि ओळ संपली की अंगठा खाली सरकवायचा, एवढीच युक्ती. घड्याळ बघायचं नाही. झोपेचे डॉक्टरही तेच सांगतात, पण लिहिणाऱ्याचं कारण निराळं आहे. एकदा ‘दोन वाजून वीस मिनिटं’ असं लिहिलं की डोकं आवाज ऐकणं सोडून सकाळपर्यंत किती तास उरले याची वजाबाकी करत बसतं.

सकाळी वहीत सापडलं ते असं. पहिल्या ओळींत ‘टण’ होतं. रिकाम्या स्टीलच्या भांड्यात थेंब पडला की भांडं वाजतं. मग ‘टप’. तळाशी पाणी साचलं की धातूचा आवाज मरतो. मग ‘डुब’. ‘डुब’ला मात्र पाण्यात खोली लागते. थेंब पडून पाण्यात खळगा होतो, त्याच्या तळाशी हवेचा बारीकसा बुडबुडा अडकतो आणि तो थरथरतो, त्याचा हा आवाज. 2018 साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी हे अतिजलद कॅमेरा आणि मायक्रोफोन लावून दाखवलं. शिवाय पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकला तर आवाज बंद होतो, असा घरगुती उपायही त्यातून निघाला. मला तो तेव्हा ठाऊक नव्हता ते बरंच झालं.

टण, टप, डुब इथवर सगळं रीतसर होतं. पण वहीच्या शेवटच्या दोन ओळींत पुन्हा ‘टण’ होतं.

मला वाटलं, अंधारात चुकलं असेल. सहाला उठून स्वयंपाकघरात गेले, फुलपात्रातलं पाणी खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजलं. दीडशे मिली. मग फुलपात्र रिकामं करून थेंब मोजत बसले. चाळीस थेंबांना दहा मिली, म्हणजे दहा मिनिटं, म्हणजे तासाला साठ. टण पहिली दहाएक मिनिटंच टिकतो, अर्ध्या तासानंतर डुब सुरू होतो, हेही तेव्हाच कळलं. आता दीडपासून सहापर्यंत साडेचार तास झाले. दोनशे सत्तर मिली व्हायला हवं होतं. आमचं फुलपात्र दोनशेतच काठोकाठ भरतं, म्हणजे ते भरून वाहायला हवं होतं. होतं दीडशे. दीडशेला साठने भागलं की अडीच तास. सहातून अडीच गेले, साडेतीन.

“आई, रात्री तुम्ही उठला होता का?”

“साडेतीनला. भांडं अर्ध्याच्या वर भरलं होतं, तुळशीला ओतलं, पुसून परत लावलं. का गं?”

“मला कळलंच नाही.”

“कळेल कसं? घोरत होतीस की.”

तुळस आमच्या गॅलरीत आहे. गॅलरीच्या दाराची कडी काढायची तर आधी दार खांद्याने आत रेटावं लागतं आणि मग कडी अशी निघते की खालच्या मजल्यावरचे विचारतात, काय पडलं? त्याआधी सासूबाईंनी स्वयंपाकघराचा दिवा लावला असणार, त्या जुन्या बटणाचा खटका असतो. फ्रिज उघडला असणार, कारण त्या रात्री उठल्या की खडीसाखर तोंडात टाकतात. फ्रिजच्या दारात काचेच्या बाटल्या आहेत, त्या एकमेकींवर आपटतात. यातलं काहीही माझ्या वहीत नव्हतं. नळाचा एकेक थेंब ऐकणाऱ्या बाईला कडी ऐकू आली नव्हती. आणि मी त्या सकाळी, चहाच्या आधीच, नवऱ्याला सांगून मोकळी झाले होते की रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

मी खोटं बोलत नव्हते. झोप न येणाऱ्या माणसाला आपण झोपलो तेवढा काळ पुष्कळदा कमीच वाटतो. जागेपणाचे दोन तुकडे तो एकमेकांना जोडून टाकतो आणि मधला सांधा त्याला दिसत नाही. लिहिताना हा सांधा हाताशी असणं फार मोलाचं आहे. कारण अशा लेखातला ‘मी’ म्हणतो की मी सगळी रात्र ऐकत होतो, आणि वाचकाकडे त्याच्यावर विश्वास ठेवण्याखेरीज काही नसतं. वस्तू मात्र परस्पर साक्ष देऊ शकते. फुलपात्र दुसऱ्यांदा ‘टण’ म्हणालं, त्याचा अर्थ बाई झोपली होती.

मग लिहायला बसले. पहिल्या खर्ड्यात मी हे सगळं समजावून सांगितलं होतं, सासूबाई, कडी, तुळस, भागाकार. तो लेख विनोदी झाला. वाईट नव्हता, पण त्यात रात्र नव्हती, सकाळच होती. दुसऱ्या खर्ड्यात हावरटपणा केला. फ्रिज, पाल, वॉचमनची काठी, गच्चीवरच्या टाकीत चढणारं पाणी, सगळे आवाज घेतले आणि त्याची नुसती यादी झाली. वाण्याची असते तशी. तिसऱ्यात दोनच ठेवले, नळ आणि फ्रिज. नळ राहिला कारण त्याचा आवाज रात्रीबरोबर बदलत जातो, त्यातून वाचकाला घड्याळ न दाखवता वेळ कळते. आणि फ्रिज राहिला तो थांबण्यापुरता. फ्रिजची घरघर चालू असताना कुणाला ऐकू येत नाही. तो खडखडून बंद पडतो तेव्हाच, इतका वेळ काहीतरी चालू होतं, हे कळतं. म्हणून ‘फ्रिजची घरघर ऐकू येत होती’ हे वाक्य मी काढलं, ‘फ्रिज थांबला’ एवढंच ठेवलं. त्या दोन शब्दांनंतर पडणारा थेंब आपोआप मोठा होतो, त्याला विशेषण लावावं लागत नाही.

एक चूक तिसऱ्या खर्ड्यातही राहिली होती. मी खिडकीच्या ‘निळ्या’ पडद्याबद्दल लिहिलं होतं. इतक्या अंधारात डोळ्याला रंग दिसत नाही, फिकट आणि गडद तेवढं कळतं. पडदा निळा आहे हे मला दिवसाच्या ओळखीवरून ठाऊक होतं. खोलीत रंग होता तो एकच, डासांच्या मशीनचा लाल ठिपका. निळा काढला, ठिपका ठेवला.

शेवट मात्र वहीतला जसाच्या तसा. ‘डुब’. मग रिकामी ओळ. मग बाई म्हणते की ती अजून जागीच आहे. मग ‘टण’. इथे लेख संपतो. फुलपात्र कुणी ओतलं, केव्हा, बाईला का कळलं नाही, यातलं एक अक्षर नाही. ज्याच्या घरी नळ गळला असेल त्याला कळेल, असा माझा हिशेब होता.

लेख एका दिवाळी अंकाला दिला. मुद्रितशोधक दक्ष असावेत. वर सगळीकडे क्रमाने टण, टप, डुब आलेलं त्यांनी पाहिलं आणि शेवटचं ‘टण’ ही लेखिकेची नजरचूक समजून त्याचं ‘डुब’ केलं. अंक हातात आला तेव्हा मला ते दिसलं. सासूबाईंनी लेख वाचला आणि म्हणाल्या, “छान आहे. पण मी भांडं ओतलं ते नाही लिहिलंस.”

तो अंक तुमच्याकडे असेल, तर शेवटच्या ओळीतला ‘डुब’ खोडून तिथे पेनने ‘टण’ करा.