पंच्याऐंशी अक्षरांत काय सापडलं ते सांगा

मागच्या शनिवारी पूर्णेला ताईकडे गेलो होतो. पुण्याहून रात्रीची गाडी, सकाळी पूर्णा जंक्शनवर उतरून चहा, मग चालत घर. दोन दिवस झोपा काढायच्या असा साधा बेत होता. पण भाची लॅपटॉप उघडून बसलेलीच होती.

"मामा, एवढं बघून दे की. आज सबमिट करायचाय पेपर, आणि हे हायलाइट्स म्हणून काहीतरी मागायलेत."

तर मंडळी, ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एल्सविअरच्या बऱ्याच जर्नलांमध्ये पेपरसोबत हायलाइट्सची वेगळी फाइल द्यावी लागते. ३ ते ५ ओळी, आणि प्रत्येक ओळ जास्तीत जास्त ८५ कॅरेक्टर्सची, मधल्या मोकळ्या जागा धरून. पेपर छापला की त्या ओळी त्याच्या पानावर दिसतात. बरेच लोक तेवढंच वाचून पुढे जायचं की थांबायचं ते ठरवतात.

भाचीचं पीएच.डी.चं काम मराठवाड्यातल्या पावसावर आहे. तिने पाच ओळी लिहून ठेवल्या होत्या. अमक्याचा अभ्यास केला, तमक्याचं विश्लेषण केलं, ढमक्याची तुलना केली... पाचही ओळी मापात बसत होत्या, आणि पाचही वाचून मला काही म्हणजे काही कळलं नाही.

"स्टेशनवर घोषणा झाली, 'नांदेडकडे जाणाऱ्या गाडीच्या वेळेसंबंधी माहिती तपासण्यात आली आहे', तर तुला चालेल का?" मी विचारलं.

"गाडी किती लेट आहे ते सांगा म्हणेन मी."

"मग तुझ्या पेपरमध्ये गाडी किती लेट आहे?"

ती हसली, पण लिहिता येईना. तिचा पेपर अजून छापलेला नाही, म्हणून तिचे आकडे इथे देत नाही. पण आम्ही सराव केला तो एका छापलेल्या, प्रसिद्ध पेपरवर, तो सांगतो. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांचा, डिसेंबर २००६ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेला, मध्य भारतातल्या पावसाळ्यांवरचा. गोस्वामी पुण्याच्या आयआयटीएमचे, म्हणजे उष्णदेशीय हवामान संस्थेचे, बरीच वर्षं संचालक होते. त्या पेपरला असे हायलाइट्स नव्हते. आम्ही समजलो की मागितले असते तर. (खऱ्या ओळी इंग्रजीत असतात, इथे मराठीत देतोय.)

आधी भाचीच्या पद्धतीने:

• मध्य भारतातल्या रोजच्या पावसाच्या नोंदी वापरल्या.
• अतिवृष्टीच्या घटनांचा कल तपासला.
• मध्यम पावसाच्या घटनांचंही विश्लेषण केलं.
• हंगामी सरासरीशी असलेला संबंध अभ्यासला.

यात खोटं एक अक्षर नाही. पण अतिवृष्टी वाढली की कमी झाली? पत्ता नाही. आता दुसऱ्या पद्धतीने:

• मध्य भारतात १९५१ ते २००० मध्ये अतिवृष्टीच्या घटना वाढल्या.
• त्याच काळात मध्यम पावसाच्या घटना कमी झाल्या.
• हंगामी सरासरी पावसात लक्षणीय कल दिसला नाही.
• वाढ आणि घट एकमेकींना भरून काढतात, म्हणून सरासरी स्थिर दिसते.

बास. चार ओळींत अख्खा पेपर आला. सगळ्यात भारी ओळ चौथी आहे. हंगामाचा एकूण पाऊस तेवढाच दिसतो, पण तो पडायची तऱ्हा बदलली आहे, हे त्यातून कळतं. आमच्याकडच्या काळ्या जमिनीत सोयाबीन पेरणाऱ्याला यातला फरक वेगळा समजवावा लागत नाही.

तिसरी ओळ लिहिताना भाची अडखळली. "पण यात तर काहीच सापडलं नाही की, मामा." अगं, 'कल दिसला नाही' हाही निष्कर्षच आहे, आणि तो नसेल तर चौथ्या ओळीला अर्थच उरत नाही. फक्त तो 'पाऊस बदलला नाही' असा लिहायचा नाही. उपलब्ध नोंदींत लक्षणीय कल दिसला नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे.

पहिल्या ओळीतलं 'मध्य भारतात' आणि '१९५१ ते २०००' ही जागा खाणारी शब्दं तिला आधी काढायची होती. मी म्हटलं, ती काढलीस तर 'अतिवृष्टी वाढली' एवढंच उरेल, आणि तेवढं या पेपरने दाखवलेलंच नाही. काढायचं तर 'या अभ्यासात असं आढळून आलं की' काढ. 'तापमानवाढीमुळे' हा शब्दही तिने एकदा घुसवला होता. त्या पेपरच्या शीर्षकात तापत्या वातावरणाचा उल्लेख आहे, पण 'त्या काळात' आणि 'त्यामुळे' यांत फार अंतर आहे. ८५ कॅरेक्टर्समध्ये नेमका हाच फरक पहिल्यांदा गळून पडतो.

ओळ विषय सांगते की निष्कर्ष, हे ओळखायला एक सोपी युक्ती आहे. ओळीत 'नाही' घालून बघा. 'अतिवृष्टी वाढली नाही' म्हटलं की भांडायला माणूस उभा राहतो. 'कल तपासला नाही' म्हटलं तर कोण भांडणार? जिच्यावर भांडण होऊ शकत नाही, ती ओळ विषय आहे.

मग आम्ही तिच्या स्वतःच्या पाच ओळींकडे वळलो. नियम एकच ठेवला. प्रत्येक ओळीसमोर पेपरमधल्या तक्त्याचा किंवा आकृतीचा नंबर लिहायचा. पहिल्या दोन ओळी पटापट झाल्या. तिसरीला ती थांबली. तक्ता उघडला, पुन्हा बघितला, आणि गप्प बसली. एका वर्षापुरतंच ते खरं होतं, बाकी वर्षांत फरक इतका लहान होता की योगायोगानेही येऊ शकला असता. 'तुलना केली' असं लिहिलं होतं तोवर हे कोणाच्या लक्षात येणार नव्हतं, तिच्याही नाही. आणि पेपरच्या शेवटच्या परिच्छेदात तिने तेच वाक्य मोठ्या आत्मविश्वासाने ठोकून दिलं होतं!

"म्हणजे आता पेपरच बदलावा लागेल," ती म्हणाली. आवाज रडवेला झाला होता. ताईने स्वयंपाकघरातून माझ्याकडे असं बघितलं की बस्स.

त्या दिवशी पेपर गेला नाही. शेवटचा परिच्छेद तिने पुन्हा लिहिला, तिसरी ओळ काढून टाकली, आणि पाचाच्या चार केल्या. तीनच मागतात कमीत कमी, त्यामुळे काही बिघडलं नाही. माझं काम शेवटी उरलं ते फक्त माप घेण्याचं. फाइलमध्ये एका ओळीत एक हायलाइट, पुढे टिंबं वगैरे काही नाही, आणि मग:

```
awk 'length($0) > 85' highlights.txt
```

जी ओळ मापाबाहेर, तेवढीच छापून येते. रविवारी दुपारी पहिल्यांदा चालवलं तर दोन ओळी आल्या. चहानंतर एक. संध्याकाळी काहीच छापून आलं नाही, तेव्हा तिने सबमिटचं बटण दाबलं आणि मी पिशवी भरायला घेतली.

स्टेशनवर आलो तर घोषणा चालू होती. गाडी चाळीस मिनिटं लेट. भाचीने कोपराने ढोसलं, "बघ मामा, कसा नीट हायलाइट आहे." :)