८७ हजार पानं

इंजिनिअरिंगच्या ब्लॅक बुकमध्ये संदर्भांचं पान सगळ्यात शेवटी येतं आणि लिहिलंही सगळ्यात शेवटी जातं. बहुतेक ग्रुपमध्ये ते काम बाइंडिंगच्या आदल्या रात्री होतं. ज्याला दुसरं काही जमत नाही त्याच्याकडे ते सोपवतात. आमच्याकडे ते सांगलीकडे आलं, पण वेगळ्या कारणाने: रिपोर्ट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली ती एकटीच होती.

आमच्या बॅचमध्ये माणसाला त्याच्या गावाच्या नावाने हाक मारायची पद्धत होती. त्यामुळे आमचा ग्रुप म्हणजे लातूर, धुळे, सांगली आणि मी. प्रोजेक्ट होता पानाच्या फोटोवरून पिकाचा रोग ओळखण्याचा. हा विषय दरवर्षी प्रत्येक कॉलेजात कुणीतरी घेतंच, कारण त्यासाठी ‘प्लांटव्हिलेज’ नावाचा फोटोंचा मोठा संग्रह फुकट मिळतो. मूळ संग्रहात ५४,३०६ फोटो आहेत, १४ पिकांचे, ३८ गटांत विभागलेले. २०१६ साली मोहंती, ह्यूज आणि सलाते यांनी त्यावर एक पेपर लिहिला आणि ९९.३५ टक्के अचूकता दाखवली. तेव्हापासून हा आकडा सगळ्यांच्या पीपीटीत असतो.

रात्री साडेबाराला आम्ही तिघं बॉईज हॉस्टेलच्या रूमवर होतो आणि सांगली तिच्या हॉस्टेलवरून व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर. ती म्हणाली, “अरे, तिसऱ्या चॅप्टरमध्ये एकूण फोटो ५४,३०६ लिहिलेत. पाचव्यात ट्रेनिंगच्या स्क्रीनशॉटवर हे काय आहे?”

स्क्रीनशॉटवर केरासने छापलेली ओळ होती:

```
Found 70295 images belonging to 38 classes.
```

एकूण फोटोंपेक्षा ट्रेनिंगचेच फोटो जास्त. खालच्या ओळीत व्हॅलिडेशनचे आणखी १७,५७२. बेरीज ८७,८६७. म्हणजे आमच्या संदर्भांच्या यादीत ज्या संग्रहाचं नाव होतं, त्यावर आमचं मॉडेल शिकलेलंच नव्हतं.

मग भांडण सुरू झालं. धुळे म्हणाला, डेटासेट लातूरने आणला होता, लिंक त्याने लिहून ठेवायला हवी होती. लातूर उसळला, “मी ऑगस्टमध्येच ग्रुपवर टाकली होती!” त्याने चॅट वर सरकवत नेलं. लिंक खरंच होती, पण ती ५४,३०६ वाल्याची, गिटहबवरची. धुळे म्हणाला, लिंक एक टाकली असशील आणि उतरवलं दुसरंच असशील. यावर लातूर काय बोलला ते मी लिहीत नाही.

हे सिद्ध करता येण्यासारखं होतं. विंडोजवर ब्राउझरने उतरवलेल्या फाइलसोबत सहसा एक अदृश्य चिठ्ठी चिकटते आणि तिच्यात फाइल कुठून आली ते असतं. लातूरची ऑगस्टची झिप अजून त्याच्या डाउनलोड्समध्ये पडून होती. पॉवरशेलमध्ये एवढंच लिहायचं:

```
Get-Content archive.zip -Stream Zone.Identifier
```

नावाच्या जागी त्याच्या झिपचं नाव टाकलं आणि चिठ्ठीत `HostUrl` पुढे गिटहबचा पत्ता आला. लातूर सुटला.

मग धुळे गप्प झाला. गप्प झाला की तो चार्जरची वायर बोटाला गुंडाळतो. थोड्या वेळाने म्हणाला, “जानेवारीत मी एक फोल्डर दिला होता ना पेनड्राइव्हमधून.” दिला होता. गिटहबवरच्या संग्रहात ट्रेनिंग आणि व्हॅलिडेशन असे वेगळे फोल्डर नव्हते, ते आपण पाडायचे. धुळेला एका सीनिअरकडे दोन्ही फोल्डर तयार असलेली झिप मिळाली. काम वाचलं म्हणून सगळे खूश झाले. फोल्डरचं नाव `dataset_final` पडलं, पण ते कुठून आलं हे कुणी विचारलं नाही.

पेनड्राइव्हवर ती झिप अजून होती. तीच कमांड चालवली तर एरर आला, अशी चिठ्ठीच नाही. कारण ही चिठ्ठी एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकते आणि पेनड्राइव्ह होता एफएटी ३२. त्यावर कॉपी करताना फोटो सगळे जातात, चिठ्ठी मागेच राहते. सीनिअरचा ब्राउझर तपासण्यातही अर्थ नव्हता, कारण क्रोम इतिहास ९० दिवसच ठेवतं. तरी धुळेने दीड वाजता त्याला फोन लावला. उत्तर आलं, “मला पार्टनरने दिलं होतं रे. झोपू दे.”

शेवटी पत्ता लागला फाइलींच्या नावांवरून. लांबलचक नावांच्या शेवटी `_90deg.JPG`, `_flipLR.JPG` अशा शेपट्या होत्या. म्हणजे कुणीतरी मूळ फोटो फिरवून, आरशासारखे उलटे करून संख्या वाढवली होती. या शेपट्या आणि दोन्ही आकडे धरून शोधल्यावर कॅगलवरचा ‘न्यू प्लांट डिसीजेस डेटासेट’ सापडला. ७०,२९५ आणि १७,५७२, तंतोतंत.

धुळे म्हणाला, “मिळालं ना? टाक लिंक आणि झोपा.” मलाही झोपायचं होतं. पण सांगलीने व्हॅलिडेशनमधल्या एका फोटोचं नाव घेतलं, शेपटी काढली आणि ट्रेनिंगच्या फोल्डरमध्ये शोधायला सांगितलं. तेच पान तिथे होतं, ९० अंशांत फिरवलेलं. अजून पाच-सहा नावं घेतली, बहुतेकांची भावंडं पलीकडे निघाली. फोटो आधी वाढवले आणि मग दोन फोल्डरमध्ये वाटले, तर दुसरं काय होणार? मॉडेलची परीक्षा अशा पानांवर होत होती, जी त्याने अभ्यासात आडवी करून पाहिली होती. आमची अचूकताही ९९ च्या आसपास होती ती यामुळेच की खरोखरची, हे त्या आकड्यावरून सांगता येत नव्हतं.

मग तिने ज्याचा आकडा आम्ही उचलला होता तो पेपर उघडला. त्यात या गोष्टीची काळजी घेतलेली होती. एकाच पानाचे अनेक फोटो असतात, म्हणून ज्यांची नोंद उपलब्ध होती ती सगळी भावंडं त्यांनी एकाच बाजूला ठेवली, एकतर शिकण्याच्या किंवा परीक्षेच्या. शिवाय इंटरनेटवरून घेतलेल्या, वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर त्यांचं मॉडेल ३१ टक्क्यांच्या आसपास घसरलं, हेही त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. हा ३१ आमच्या रिपोर्टमध्ये कुठेच नव्हता.

“हा पेपर लिटरेचर सर्व्हेत कुणी घातला?” तिने विचारलं. सर्व्हे धुळेचा होता. त्याने तो दुसऱ्या एका पेपरच्या प्रस्तावनेतून उचलला होता, नंबरासकट. आता लातूरची पाळी होती आणि त्याने ती पुरेपूर वापरली. दोन-तीन मिनिटं मी फक्त पंख्याकडे बघत होतो. धुळे मध्येच म्हणाला, “बोलून झालं असेल तर सांगा कुठे काय लिहायचं, मीच लिहितो,” आणि लॅपटॉप ओढून घेतला.

फोल्डर नव्याने पाडून मॉडेल पुन्हा शिकवायला त्या लॅपटॉपवर एक रात्र पुरली नसती. त्यामुळे धुळेने तिसऱ्या चॅप्टरमधला आकडा बदलला, कॅगलचं नाव घातलं आणि निकालाखाली चार ओळी लिहिल्या: संग्रह सीनिअरकडून मिळाला, उतरवल्याची तारीख उपलब्ध नाही, एकाच पानाचे फोटो दोन्ही फोल्डरमध्ये आहेत, म्हणून ही अचूकता शेतातल्या फोटोंसाठी धरू नये. सांगलीने त्यात ३१ टक्के घालायला लावले.

सकाळी गाईड म्हणाल्या, “हे चार ओळींचं काढून टाका, मार्क जातील.” सांगली म्हणाली, “मॅडम, मग माझी सही नको.” मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि सही केली. अकराला आम्ही बाइंडिंगच्या दुकानात होतो.

व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी ते पान उघडलं, बराच वेळ तिथेच थांबले. धुळे वायर नसल्यामुळे आयडीची दोरी बोटाला गुंडाळत होता. मग सरांनी पान उलटलं आणि विचारलं, “अ‍ॅपचं बटण हिरवंच का ठेवलंय?”