मिडऑफच्या हातातला चेंडू

आझाद मैदानावरच्या क्लब सामन्यांत मला नेहमी मिडऑफला उभं करत, आणि त्याचा माझ्या क्षेत्ररक्षणाशी काही संबंध नव्हता. माझे तळहात कोरडे असत. गोलंदाजाकडे परतणारा चेंडू बहुधा मिडऑफच्या हातातून जातो, म्हणून त्याची निगा राखणंही त्याच्याकडेच येतं. आमच्या वेगवान गोलंदाजाची शिस्त कडक होती: एकच बाजू पँटवर घासायची आणि दुसरीला घामाचा थेंबही लागू द्यायचा नाही. का, असं विचारलं तर तो म्हणे, “तू घास रे, बाकी माझ्यावर सोड.”

बाकीचं उत्तर हवेत आहे. वेगाने जाणाऱ्या चेंडूला हवेचा एक पातळ थर चिकटून वाहतो आणि मागच्या बाजूला कुठेतरी सुटतो. गोलंदाज नव्या चेंडूची शिवण थोडी तिरकी, समजा स्लिपकडे, रोखतो. त्या बाजूच्या थराला वर आलेल्या टाक्यांची ठेच लागते आणि तो खवळतो. खवळलेला थर चेंडूला जास्त वेळ धरून राहतो. गुळगुळीत बाजूचा शांत थर लवकर सुटतो. त्यामुळे चेंडूमागची हवा एका बाजूला ढकलली जाते आणि चेंडू दुसऱ्या बाजूला, म्हणजे शिवण जिकडे रोखलेली असते तिकडे जातो. उजव्या हाताच्या फलंदाजाला हा झाला आउटस्विंग. पँटवर घासायचं कारण हेच, की समोरची बाजू गुळगुळीत राहावी आणि तिथली हवा शांत वाहावी.

पण वेग खूप वाढला, तर ही शांतता टिकत नाही. नासातले शास्त्रज्ञ रबी मेहता यांनी वातबोगद्यात चेंडूंवर प्रयोग केले. ताशी साधारण 145 किलोमीटरच्या पुढे नव्या चेंडूच्या गुळगुळीत बाजूचा थरही आपणहून खवळतो, असं त्यांच्या मांडणीतून दिसतं. मग दोन्ही बाजू सारख्याच खवळलेल्या. आता शिवण मदत करण्याऐवजी आडवी येते: तिच्यावरून उडी मारलेला थर जाड होऊन दमतो आणि आधी सुटतो. चेंडू शिवणीच्या उलट दिशेला निघतो. हाच रिव्हर्स स्विंग.

ताशी 145 टाकणारे जगात मोजकेच. झीज उपयोगी पडते ती इथे. खरबरीत कातड्यावरचा थर कमी वेगातच खवळतो, म्हणून फलंदाजाकडे खरबरीत बाजू ठेवली की 130-135 च्या गोलंदाजालाही रिव्हर्स मिळू शकतो. तीच पकड ठेवून चकचकीत बाजू पुढे केली, तर नेहमीचा स्विंग. म्हणजे एकाच चेंडूत दोन चेंडू! म्हणून तर धावत येणारा गोलंदाज दुसऱ्या हाताने चेंडू झाकतो आणि फलंदाज चकाकी कुठल्या बाजूला आहे ते शोधत असतो.

2024 च्या फेब्रुवारीत विशाखापट्टणमला इंग्लंडच्या पहिल्या डावात तीस षटकंही झाली नव्हती. जसप्रीत बुमराने बाहेर जाणाऱ्या चेंडूवर ज्यो रूटला स्लिपमध्ये शुभमन गिलकडे झेल द्यायला लावला. थोड्याच वेळात ऑली पोपला यॉर्कर आला, आत वळत. पोपची बॅट खाली येईपर्यंत स्टंप उखडले होते. बुमराने त्या डावात 45 धावांत 6 बळी घेतले.

पोप चुकला असं म्हणणं सोपं आहे. बाजूला ढकलणारा जोर चेंडूवर सुटल्यापासून जवळजवळ सारखाच असतो, पण चेंडूचं सरकणं वेळेच्या वर्गाने वाढतं. अर्ध्या वेळेत तो एकूण वळणाचा फक्त पाव भाग वळतो. उरलेला पाऊण भाग शेवटच्या अर्ध्यात. हा सगळा प्रवासच अर्ध्या सेकंदाच्या आसपास आटोपतो. त्यातून यॉर्कर टप्पा न पडता थेट पायापर्यंत येतो, म्हणजे वळायला त्याला सगळी वाट मिळते. ‘उशिरा वळला’ असं आपण म्हणतो, त्यात डोळ्यांचा फसवा हिशेबही असतो.

रिव्हर्स बिघडायला फार काही लागत नाही. दवाने किंवा ओल्या आउटफिल्डने खरबरीत बाजू भिजली, की तिचा कोरडा रखरखीतपणा जातो. टाके फार बसले, की थराला अडवायला काही उरत नाही. हिरवळीवर चेंडू झिजतच नाही. भारतात, पाकिस्तानात कोरड्या, कडक खेळपट्टीवर तो लवकर तयार होतो. ही झीज हाताने घडवायचा मोह मात्र महाग पडतो, 2018 मध्ये केपटाउनला ऑस्ट्रेलियाच्या बँक्रॉफ्टकडे सँडपेपर सापडला तसा. त्यातल्या त्यात कायदेशीर वाट म्हणजे यष्टिरक्षकाकडे टप्प्यावर फेक करणं, आणि तेही मुद्दाम चाललंय असं दिसलं की पंच हटकतात. आम्हालाही एकदा हटकलं होतं. मग आमच्या गोलंदाजाने खेळपट्टीजवळच्या पट्ट्यावर क्षेत्ररक्षकांना चेंडू घरंगळत आणायला लावला, आणि पंच नुसते बघत राहिले.