अलीराजपूरलाही तेवढीच घरं

लसीकरणाच्या एका पाहणीत इंदूर संभागातले आठही जिल्हे होते. इंदूर, धार, झाबुआ, अलीराजपूर, खरगोन, बडवानी, खंडवा आणि बुऱ्हाणपूर. एकूण घरं ४,८०० घ्यायची, पण आकडा प्रत्येक जिल्ह्याचा वेगळा द्यायचा, अशी अट होती. नमुना वाटायचं काम माझ्याकडे आलं.

इंदूरच्या बैठकीत पहिला प्रश्न आला, "लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून टाका की! अलीराजपूरला इतकी घरं कशाला?" २०११च्या जनगणनेत इंदूर जिल्ह्यात सुमारे ३२.८ लाख माणसं होती, अलीराजपूरमध्ये ७.३ लाख. प्रमाणात वाटलं तर इंदूरला साडेबाराशे घरं आणि अलीराजपूरला जेमतेम २८०. संभागाचा एकच आकडा हवा असता तर मीही तसंच केलं असतं. पण अंदाज किती पक्का, हे आपण किती जणांना विचारलं यावर ठरतं. जिल्हा केवढा मोठा आहे याचा त्यावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. लहान जिल्ह्यालाही मोठ्याइतकाच नमुना लागतो. म्हणून मी प्रत्येकी ६०० घरं धरली: जिल्ह्यात ३० गावं किंवा वॉर्ड, आणि प्रत्येक ठिकाणी २० घरं.

खरी अडचण त्यापुढे होती. पूर्ण लसीकरण मोजतात ते १२ ते २३ महिन्यांच्या मुलांमध्ये. ६०० घरांत माणसं साधारण ३,०००, आणि त्यात या वयाची मुलं साठेक. लसीकरण ७० टक्के निघालं, तर साठ मुलांवरून खरा आकडा ५८ ते ८२च्या दरम्यान आहे एवढंच म्हणता येतं. त्यातून मुलगे आणि मुली वेगळे करायचे, म्हणजे तीस-तीस. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तक्त्यांत २५ ते ४९ जणांवर आधारलेली टक्केवारी कंसात छापतात आणि २५च्या खाली असेल तर छापतच नाहीत. ६०० हा आकडा कितीही भारदस्त वाटला, तरी आमचे मुलामुलींचे सगळे रकाने कंसातच गेले असते.

घरं तिप्पट करायला पैसा नव्हता. पण नमुना काढण्याआधी निवडलेल्या गावातल्या सगळ्या घरांची यादी करावीच लागते. त्या यादीत मी एक प्रश्न घातला: या घरात तीन वर्षांच्या आतलं मूल आहे का, आणि त्याचा जन्म कधीचा? दीडशे घरांच्या वस्तीत योग्य वयाची पंधरा-सोळा मुलं सापडतात. त्यातली सहा चिठ्ठी टाकून निवडली, की तीस ठिकाणांची १८० मुलं होतात. मग सत्तरच्या दोन्ही बाजूंना सात-आठ टक्क्यांचीच फट राहते, आणि मुलगे-मुली वेगळे दाखवता येतात.

यात फसगत व्हायची जागा ही यादीच असते. यादी करणाऱ्याला ठाऊक असतं, की मूल लिहिलं तर पुढे लांबलचक मुलाखत आहे. अलीराजपूरच्या फलियांत घरं टेकड्यांवर विखुरलेली. एका घरातून दुसऱ्याकडे जायला शेत आणि नाला ओलांडावा लागतो. तिथे थकलेला माणूस तेवीस महिन्यांचं मूल सहज दोन वर्षांचं करून टाकतो. म्हणून रोज संध्याकाळी मी याद्यांतल्या मुलांची वयं महिन्यांप्रमाणे मांडून बघत असे. २२-२३ महिन्यांचे रकाने ओस आणि २४-२५चे गच्च दिसले, की दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षक त्या गावात जाऊन अंगणवाडीच्या नोंदवहीशी यादी ताडून बघायचा.

शिवाय दिवाळीनंतर तिकडची कितीतरी कुटुंबं मजुरीला गुजरातेत जातात. कुलूप दिसलं म्हणून शेजारचं घर घेणं आम्ही बंद ठेवलं होतं. घरी राहिलेल्यांची मुलं वेगळी आणि गेलेल्यांची वेगळी. लस चुकण्याचा संभव गेलेल्यांचाच जास्त. त्या गावांची फेरी होळीच्या सुमाराला ठेवली. भगोरियासाठी लोक परततात.

शेवटी संभागाचा एकत्र आकडा काढताना प्रत्येक मुलाला भार द्यावा लागला. इंदूरच्या प्रत्येक निवडलेल्या घरामागे साधारण ५,४६० माणसं होती, अलीराजपूरच्या घरामागे १,२१५. भार न देता सरासरी काढली असती, तर सहा टक्क्यांहून कमी लोकसंख्येचं अलीराजपूर निकालात आठव्या हिश्श्याने बोललं असतं.

अहवालाच्या वेळी नवी मागणी आली: प्रत्येक जिल्ह्यात शहर आणि ग्रामीण वेगळं दाखवा. अलीराजपूरची शहरी वस्ती आठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १८० मुलांत चौदा. चौदा मुलांवर जिल्ह्याच्या शहरांचा आकडा छापायला मी ठाम नकार दिला. संभागातल्या सगळ्या शहरांचा मिळून एकच आकडा दिला, आणि प्रत्येक टक्केवारीशेजारी ती किती मुलांवरून काढली तो रकाना ठेवला.