तेलाचं बोट

सलाईनची सुई काढून दोन दिवस झाले, तरी लेकीच्या मनगटावरची चिकटपट्टी तशीच होती. हात लावला की ती मुठीच आवळायची. लहानपणी आई म्हणायची, एका झटक्यात ओढ, कळणारही नाही. मला तर चांगलं कळायचं.

रात्री खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसले. कडेकडेने बोटाने तेल लावलं आणि दहा मिनिटं नुसती गोष्ट सांगितली. पट्टीचा डिंक पाण्याला दाद देत नाही, तेलात मात्र मऊ पडतो. मग एक कोपरा नखाने उचलला. पट्टी वर ओढायची नाही, तशाने कातडीही तिच्याबरोबर उचलली जाते. पट्टी स्वतःवरच दुमडून, कातडीला लागून, लव ज्या दिशेला वळते त्याच दिशेने मागे न्यायची. दुसऱ्या हाताचं बोट सुटत्या कडेला कातडी दाबून धरतं. अडलं की थांबायचं, तिथे आणखी एक थेंब. सुईची जागा बुजली होती म्हणून तेल चाललं. ओली जखम असती, तर तिथवर ते जाऊ दिलं नसतं.

मध्येच तिने विचारलं, “काढायला कधी सुरुवात करणार?” अर्धी निघाली होती.

खाली पट्टीच्या आकाराचा फिकट चौकोन उरला, कडेला काळपट चिकट रेघ. साबणाने धुतला तरी रेघ थोडी राहिलीच. ती झोपल्यावर मी बराच वेळ तो हात धरून बसले. आईला फोन करावासा वाटला, पण अकरा वाजून गेले होते.