पवनीचे पाहुणे आणि वाहणांचा नियम

भंडारा जिल्ह्यातील पवनी हे वैनगंगेच्या काठचे जुने गाव. नागपूरहून उमरेड-भिवापूर मार्गे येथे येता येते. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व विभागाने येथील जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले, तेव्हा मातीखाली प्राचीन स्तूप निघाला. त्याच्या कठड्याच्या दगडी खांबांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. जवळच रुयाड येथे भदंत संघरत्न मानके यांच्या प्रयत्नांतून आणि जपानी उपासकांच्या सहकार्याने महासमाधीभूमी महास्तूप उभा राहिला. २००७ च्या फेब्रुवारीत त्याचे लोकार्पण झाले. तेव्हापासून जपान आणि इतर देशांतील पाहुणे या भागात येत असतात. त्यांच्यासोबत फिरण्याचे आणि आधी चार गोष्टी समजावून सांगण्याचे काम आम्हा कार्यकर्त्यांकडे येते.

हे सांगणे आम्ही गाडीतच उरकतो, कारण दारापाशी पोहोचल्यावर कोणी ऐकत नाही. दहा मिनिटे पुरतात. एक वाक्य बोलायचे, दुभाष्याला वेळ द्यायचा, मग पुढचे बोलायचे. जपानी आणि थाई पाहुण्यांना वाहणा काढायला सांगावे लागत नाही; त्यांच्या घरातही बाहेरची पादत्राणे चालत नाहीत. युरोप-अमेरिकेचे पाहुणे मात्र "का?" असे विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ तयार हवे. "पद्धत आहे" एवढे सांगून भागत नाही.

आम्ही उत्तर विनयपिटकातून देतो. बाहेरगावच्या भिक्खूने विहारात कसे शिरावे, हे चुल्लवग्गात सांगितले आहे. त्याने वाहणा काढाव्यात, खाली धरून त्यांची धूळ झटकावी आणि त्या आपल्या हातात घ्याव्यात; छत्री खाली करावी, डोके उघडे करावे. आम्ही पाहुण्यांना जे सांगतो ते एवढेच आहे: बूट काढा, टोपी काढा, छत्री मिटा. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला. पांढरा रंग बरा, पण सक्ती नाही. आपल्या आयाबहिणींनाही आम्ही सांगतो की विहारात डोक्यावर पदर घेतलाच पाहिजे असा नियम नाही.

स्तूप उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालायची. खाली बसल्यावर पाय मूर्तीकडे किंवा भन्तेंकडे लांब करायचे नाहीत. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. जगन्नाथ टेकडीवर अवशेषांच्या विटांवर चढायचे नाही, आणि जमिनीवरचे खापर आठवण म्हणून खिशात घालायचे नाही.

आता बूट ठेवायचे कुठे? गर्दीत तीस-चाळीस जोड एकत्र पडले की परतताना घोळ होतो आणि लेस बांधायला जागा उरत नाही. म्हणून गाडीतच प्रत्येकाला एक कापडी पिशवी द्यावी. बूट पिशवीत आणि पिशवी ज्याची त्याच्या हातात. कित्येकदा आपली मुले प्रेमाने धावत येतात आणि पाहुण्यांचे बूट उचलू लागतात. एखादी म्हातारी राखणीला बसते आणि पाहुणा तिच्या हातावर नोट ठेवतो. हे आम्ही होऊ देत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना वरच्या जातीच्या वस्तीतून जाताना पायतण हातात घ्यावे लागे. त्यांच्या नातवांनी आता परक्यांचे बूट उचलू नयेत. भिक्खूने आपल्या वाहणा आपल्याच हातात घ्याव्यात असे विनयात आहे, मग पाहुण्यांनाही त्यात कमीपणा वाटायचे कारण नाही.

येथेच एखादा पाहुणा अडचणीचा प्रश्न विचारतो: "तुमच्या लोकांना वाहणा काढायला लावणे हा अन्याय होता, मग येथे तुम्ही स्वतः काढता ते कसे?" आम्ही त्याला सोण कोळिविसाची गोष्ट सांगतो. ती महावग्गात आहे. सोण हा चंपा नगरीचा श्रीमंत मुलगा. भिक्खू झाल्यावर अनवाणी चंक्रमण करून त्याच्या पायांतून रक्त आले. तथागतांनी त्याला एका तळव्याची वाहण वापरायची परवानगी दिली. सोणाने ती एकट्यासाठी घेतली नाही. सर्व संघाला परवानगी मिळाली तरच आपण वापरू, असे तो म्हणाला. तेव्हा तथागतांनी सर्व भिक्खूंना ती मुभा दिली. गावच्या रस्त्यावरचा नियम काही माणसांनाच होता आणि तो माणसांपुढे वाकण्यासाठी होता. विहाराच्या दारातला नियम मंत्र्याला, मजुराला आणि परदेशी पाहुण्याला सारखाच आहे. नियम सर्वांना एक असेल तर तो शिष्टाचार, काहींनाच असेल तर ती गुलामी. एवढे सांगितले की पाहुणे समजून घेतात.

नियमाला अपवादही आहे. पायात वाहणा घातलेल्याला धम्म सांगू नये, असे भिक्खूंसाठीच्या सेखिय नियमांत म्हटले आहे. पण तेथेच आजारी माणसाला सूट आहे. समजा, सत्तरीच्या एका पाहुणीला मधुमेह आहे आणि तळव्याला जखम आहे. तिला अनवाणी चालवणे धोक्याचे, कारण अशा पायाला चटका कळत नाही आणि जखम चिघळते. तिला स्वच्छ, कधी रस्त्यावर न वापरलेली कापडी चप्पल द्यावी आणि विहाराच्या व्यवस्थापकांना आधी सांगून ठेवावे. इतरांना पायमोजे चालतात. फेब्रुवारीत फरशी गार असते, पण एप्रिल-मे महिन्यात दुपारी तीच फरशी पाय भाजते. तेव्हा उघड्यावरची प्रदक्षिणा सकाळी नऊच्या आत उरकावी. पाहुणा टाचा उचलून चालू लागला की समजावे, वेळ चुकली.

शेवटचा प्रश्न देवळांचा. जगन्नाथ टेकडीला ते नाव तिच्यावरील जगन्नाथाच्या मंदिरामुळे पडले. नदीच्या घाटावर वैजेश्वराचे मंदिर आहे. पाहुण्यांना तेही पाहायचे असते. आम्ही १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा मानणारे. आम्ही पूजा करीत नाही, प्रसादही घेत नाही. पण पाहुण्यांना वाट दाखवतो. काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली आपल्या लोकांना का उभे राहावे लागले, तेही त्यांना सांगतो. देवळाच्या दारात वाहणा काढणे ही पूजा नव्हे, दुसऱ्याच्या घरचा मान आहे. चामड्याचा पट्टा चालतो का, गाभाऱ्यात जाता येते का, फोटो चालतो का, हे आधी पुजाऱ्याला विचारावे. तो नाही म्हणाला तर वाद न घालता बाहेरूनच पाहून परत फिरावे. टिळा लावून घेणे, आरतीत उभे राहणे हे पाहुण्यांनी आपल्या मनाने ठरवावे. आम्ही त्यांना आग्रह करीत नाही आणि अडवतही नाही.

येत्या फेब्रुवारीत ज्यांच्या गावात पाहुणे उतरतील त्यांनी कापडी पिशव्या आताच शिवून ठेवाव्यात. जुन्या चादरीच्याही चालतात. हातभर लांबीची, नाडीची पिशवी मोठ्या बुटालाही पुरते. तिच्यावर आकडे घालावेत म्हणजे परतताना कोणाची पिशवी कोणाकडे जात नाही.