डॉलरच्या माथी मारलेला तोटा

डिचोली तालुक्याला डॉलरची ओळख खनिजामुळे झाली. माल खाणीवरून ट्रकने धक्क्यावर यायचा, बार्जमधून मांडवीने मुरगावला जायचा आणि तिथून जपानला, पुढच्या काळात चीनला. भाव टनाला इतके डॉलर असा ठरायचा. 6 जून 1966 रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलर एका दिवसात 4 रुपये 76 पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. त्या दिवशी ज्याचे डॉलरमधले बिल वटायचे राहिले होते, त्याला तेवढ्याच मालाचे सत्तावन्न टक्के जास्त रुपये मिळाले. अशा गोष्टी आमच्याकडे अजून सांगितल्या जातात, आणि त्यामुळे परदेशी बिलात जे काही कमीजास्त होते ते डॉलरमुळेच होते, असा समज पक्का बसला आहे.

खरे तर खनिजाच्या धंद्यातल्या जुन्या हिशेबनिसांनी ही चूक केली नसती. खनिजाचे बिल दोनदा व्हायचे. जहाज भरले की पहिले, तात्पुरते बिल, आणि माल पलीकडच्या बंदरात उतरून लोहाचे प्रमाण व ओलावा तपासला की दुसरे, अंतिम बिल. पहिल्या आणि दुसऱ्या बिलातला फरक हा मालाच्या किमतीचा. बिल आणि वसुली यांमधल्या दिवसांत डॉलर हलला, तर तो फरक विनिमय दराचा. दोन्ही फरक एकाच वेळी, एकाच पार्टीच्या खात्यावर यायचे, पण हिशेबनीस ते वेगळे ठेवायचे, कारण पहिल्याने विक्रीचा आकडा बदलतो आणि दुसऱ्याने बदलत नाही. आजच्या छोट्या निर्यातदाराच्या वहीत नेमका हा भेद पुसला गेला आहे.

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे उदाहरण घेतो. यंत्राचे सुटे भाग अमेरिकेला पाठवतात. दर आणि रकमा समजायला सोप्या व्हाव्यात म्हणून थोड्या गोल केल्या आहेत. 20 फेब्रुवारी 2025 रोजी त्यांनी 20,000 डॉलरचे बिल केले. त्या दिवशी डॉलर 86 रुपये 80 पैसे, म्हणजे वहीत विक्री 17,36,000 रुपये. मे महिन्याच्या सुरुवातीला बँकेत 16,48,215 रुपये जमा झाले. हिशेबनिसाने वजाबाकी केली आणि 87,785 रुपये ‘विनिमय तोटा’ म्हणून टाकून पार्टीचे खाते शून्य केले. मालक माझ्या टेबलासमोर बसून म्हणाले, ‘‘बाब, डॉलरने मारले आम्हाला. एका बिलात अठ्ठ्याऐंशी हजार!’’

मी कागद मागण्याआधी एक भागाकार केला. 87,785 ला 20,000 ने भागले की डॉलरमागे सुमारे 4 रुपये 39 पैसे तोटा येतो. पण बँकेने दर दिला होता 84 रुपये 20 पैसे. 86.80 वरून 84.20 म्हणजे घट फक्त 2 रुपये 60 पैशांची. डॉलर जितका पडला त्याहून जास्त तोटा डॉलरमुळे होऊ शकत नाही. उरलेला पावणेदोन रुपयांचा तोटा दुसरीकडून आला असणार. ही चाचणी कुणालाही करता येते, त्यासाठी सीए लागत नाही.

मग कागद निघाले. मार्चमध्ये ग्राहकाने काही नग सदोष म्हणून 400 डॉलर कमी करून मागितले होते आणि मालकांनी मेलवर होकार दिला होता. क्रेडिट नोट मात्र काढलेली नव्हती. ही किमतीतली सूट आहे, आणि ती मूळ बिलाच्याच दराने विक्रीतून वजा करायची असते, कारण जी विक्री झालीच नाही ती ज्या दराने लिहिली त्याच दराने पुसली पाहिजे. 400 गुणिले 86.80 म्हणजे 34,720 रुपये. ‘तोट्या’चा जवळजवळ चाळीस टक्के भाग इथेच गेला. हा तोटा डॉलरचा नाही, कारखान्यातल्या तपासणीचा आहे. तो विनिमय तोट्यात दडवला की सदोष माल किती महाग पडतो हे मालकाला कधी कळतच नाही.

आता येणे राहिले 19,600 डॉलर. 31 मार्च आला. लेखामानक 11 सांगते की परदेशी चलनातले येणे किंवा देणे वर्षअखेरीला त्या दिवशीच्या दराने पुन्हा मांडा आणि फरक नफातोटा खात्यात टाका, पैसे आलेले असोत वा नसोत. 31 मार्च 2025 हा सोमवार होता आणि ईदची सुट्टी होती. म्हणून दर घ्यायचा शुक्रवार 28 मार्चचा. एफबीआयएलने जाहीर केलेला संदर्भ दर त्या दिवशी 85 रुपये 58 पैसे होता. डॉलरमागे 1 रुपया 22 पैसे घट, एकूण 23,912 रुपये. हा तोटा 2024-25 चा. हिशेबनिसाने तो उचललाच नव्हता, सगळे ओझे पुढच्या वर्षावर ढकलले होते. ‘‘पैसे आले नाहीत, मग तोटा कसला?’’ हा प्रश्न मला दर एप्रिलमध्ये विचारला जातो. आयकराच्या बाबतीत हा वाद सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये वुडवर्ड गव्हर्नर प्रकरणात मिटवला. धंद्याच्या नेहमीच्या व्यवहारातला असा वर्षअखेरचा तोटा काल्पनिक नाही, तो वजावटीला पात्र आहे, असे न्यायालयाने म्हटले. अर्थात हाच नियम उलटाही लागतो. डॉलर चढला असेल तर हातात न आलेल्या नफ्यावर कर भरावा लागतो, आणि तेव्हा तक्रार करून उपयोग नसतो.

मेमध्ये पैसे आले तेव्हा 19,600 नव्हे, 19,575 डॉलर आले. मधल्या बँकेने वाटेत 25 डॉलर कापले होते. 84.20 ने त्याचे 2,105 रुपये. हा बँकखर्च. उरलेला भाग म्हणजे 85.58 आणि 84.20 यांतला 1 रुपया 38 पैशांचा फरक, 19,600 डॉलरवर 27,048 रुपये. हा 2025-26 चा खरा विनिमय तोटा. 34,720, 23,912, 2,105 आणि 27,048 यांची बेरीज बरोबर 87,785 येते. एक रुपयाही हवेत गेलेला नाही, फक्त चार ठिकाणचे पैसे एका खात्यात कोंबले होते.

यातही एक पदर आहे जो लेखामानक दाखवत नाही. पैसे आले त्या दिवशी बाजारात डॉलर सुमारे साडेचौऐंशी रुपयांना होता. बँकेने 84.20 दिला. तीस पैसे बँकेचे. 19,600 डॉलरवर 5,880 रुपये. वहीत ते विनिमय तोट्यातच जातात आणि नियमाने ते चूक नाही. पण बाजाराची चाल कुणाच्या हातात नसते, बँकेचे मार्जिन मात्र बोलून कमी होते. तेही बाजूला काढले तर निव्वळ डॉलर पडल्यामुळे गेलेले पैसे उरतात 45,080. अठ्ठ्याऐंशी हजारांची जी तक्रार माझ्याकडे आली होती, त्यातले निम्मेच डॉलरचे होते.

हे सगळे तोटा झाला म्हणून तरी उघडकीला येते. 2025 च्या उत्तरार्धात रुपया घसरत गेला आणि डिसेंबरमध्ये डॉलर नव्वद रुपयांच्या वर गेला. तेव्हा निर्यातदारांच्या वहीत विनिमय नफा दिसू लागला आणि कुणीही माझ्याकडे तक्रार घेऊन आले नाही. ग्राहकाची कपात, मधल्या बँकेची काट, आपल्या बँकेचे मार्जिन, सगळे त्या नफ्याखाली निवांत झाकले गेले. माझ्या मते नफ्याचे वर्ष हिशेबासाठी तोट्याच्या वर्षापेक्षा वाईट.

टॅली वापरणाऱ्यांसाठी एक खूण. बिल डॉलरमध्ये टाकले आणि दराचा फरक नोंदवला नाही, तर ताळेबंदात `Unadjusted Forex Gain/Loss` अशी ओळ उभी राहते. बरेच जण ती ओळ घालवण्यासाठी आहे तो आकडा जर्नलने सरळ विनिमय तोट्यात टाकतात. आधी पार्टीच्या खात्यावर डॉलरची शिल्लक शून्य आहे का ते पाहावे. आमच्या उदाहरणात 425 डॉलर शिल्लक दिसायला हवे होते, आणि तेच 400 ची क्रेडिट नोट व 25 चा बँकखर्च राहिल्याचे सांगत होते. डॉलर जुळल्याशिवाय रुपयाला हात लावू नये.

पेडण्यात प्रश्न उलटा आहे. मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यावरच्या हॉटेलांकडे हंगामाआधी परदेशातून आगाऊ रक्कम येते. तिथले हिशेबनीस ही रक्कमही 31 मार्चच्या दराने बदलून मांडतात. तशी गरज नाही. पाहुण्याला आपण पैसे देणे लागत नाही, खोली देणे लागतो. ती रक्कम ज्या दराने आली त्याच दराने राहते आणि पुढे त्याच दराने विक्रीत जाते. विनिमय नफा नाही, तोटाही नाही.

पण हा नियम एकदा जन्मभर लक्षात राहील असा उलटला. 22 मार्च 2020 पासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबली. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांची बुकिंगे रद्द झाली, आणि जिथे परताव्याची मागणी मान्य झाली तिथे खोली द्यायची होती त्याऐवजी डॉलर परत द्यायचे झाले. तेव्हापासून ते पैशातले देणे ठरले आणि 31 मार्चच्या दराने मांडणे भाग पडले. ऑक्टोबर 2019 मध्ये सुमारे 71 रुपयांनी आलेला डॉलर 31 मार्च 2020 ला 75 रुपये 39 पैशांवर होता. एकही पाहुणा न उतरता डॉलरमागे सव्वाचार रुपयांहून जास्त तोटा. ज्या हॉटेलांनी पाहुण्याला पुढच्या हंगामात तेवढ्याच मुक्कामाचे आश्वासन दिले आणि त्याने ते स्वीकारले, त्यांची रक्कम मात्र जुन्याच दराने राहिली. एकाच गावातल्या दोन हॉटेलांचे हिशेब एका पत्राच्या मजकुरावरून वेगळे झाले, आणि दोघांचेही बरोबर होते.

जीएसटीबद्दल लोक उगाच घाबरतात. बिलाची रक्कम रुपयांत ठरली की नंतरच्या विनिमय नफ्यावर आणखी जीएसटी लागत नाही. मात्र मालाच्या निर्यातीत शिपिंग बिलावर कस्टम्सने जाहीर केलेला दर असतो आणि तुमच्या वहीतला दर वेगळा असू शकतो. जीएसटीच्या विवरणातली उलाढाल आणि ताळेबंदातली विक्री यांत त्यामुळे फरक पडतो. तोही विनिमय तोटा नव्हे. त्याचा एक पानी ताळा करून फाइलला लावला की नोटीस आली तर उत्तर तयार असते.

परदेशी बिल करणाऱ्या वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. येत्या 31 मार्चच्या आधी विनिमय तोट्याचे किंवा नफ्याचे खाते उघडा, त्यातली प्रत्येक रक्कम त्या बिलाच्या डॉलरने भागा, आणि आलेला आकडा दोन तारखांच्या दरातल्या फरकाशी जुळवून पाहा. जिथे जुळणार नाही, तिथे आधी क्रेडिट नोट शोधा आणि मग बँकेला फोन करा.